मदत हवी आहे: रोज उजळणी करूनही स्टॅटिस्टिक्स ऐन वेळी आठवत नाही

खाडीकाठ
देवगडला घरी बसून मशीन लर्निंग शिकतोय. कोर्स पूर्ण झाला, Anki या उजळणीच्या अॅपवर कार्डं केली, रोज सकाळी उजळणी करतो. प्रिसिजन, रिकॉल, बेजचा नियम, पी-व्हॅल्यू, सगळी कार्डं बरोबर येतात. तरी परवा ऑनलाइन मुलाखतीत अगदी प्राथमिक प्रश्न आला आणि उत्तर साफ चुकलं. पुढची मुलाखत महिन्याभरात आहे. उजळणीत किती दिवसांचं अंतर ठेवायचं, एवढंच सांगा. "पाया पक्का करा" हे सगळ्यांनी सांगून झालंय.

कातळसडा
मुलाखत महिन्यावर असेल तर डेकच्या सेटिंगमध्ये Maximum interval 7 करून टाका. एकदा उजळणी झाली की त्यानंतर प्रत्येक कार्ड आठवड्यातून एकदा तरी समोर येईल. माझी विभागीय परीक्षा याच पद्धतीने निघाली. बाकी काही बदलायची गरज नाही.

टाईपरायटर
लॅपटॉप कोणता आहे? रॅम 8 जीबी असेल तर मॉडेल ट्रेन करताना अडकणारच. 16 च्या खाली जाऊ नका.

गणितगोडी
टाईपरायटर, लॅपटॉपचा प्रश्न नाहीये हा.
खाडीकाठ, तीन गोष्टी सांगा, त्याशिवाय अंतराबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मुलाखतीत प्रश्न नेमका काय होता? त्या विषयाचं तुमचं कार्ड जसंच्या तसं इथे लिहा. आणि उत्तर अर्धवट आठवलं तर कोणतं बटण दाबता?

खाडीकाठ
प्रश्न असा: आजार शंभरात दहा जणांना आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी 90 टक्के ओळखते, पण निरोग्यांपैकी 10 टक्क्यांनाही आजारी ठरवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो खरंच आजारी असण्याची शक्यता किती? मी 90 टक्के म्हणालो.
कार्ड: पुढे "प्रिसिजन म्हणजे काय?", मागे `TP / (TP + FP)`. बेजचं वेगळं कार्ड आहे, त्यावर सूत्र.
अर्धवट आठवलं की Hard. पार विसरलो तरी बहुतेक वेळा Hardच, कारण Again दाबलं की कार्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि ढीग वाढतो.

गणितगोडी
मग अडचण दोन ठिकाणी आहे.

आधी बटण. Anki च्या हिशेबात Hard म्हणजे "आठवलं, पण कष्टाने". ते पास आहे. नापास एकच, Again. विसरलेल्या कार्डाला Hard दिलं की अॅपला वाटतं हे तुम्हाला येतं, आणि ते अंतर वाढवत नेतं. FSRS ही अंतर ठरवायची पद्धत चालू असेल तर जास्तच घोळ, कारण ती तुमच्याच जुन्या बटणांवरून अंदाज बांधते. म्हणजे "कार्डं बरोबर येतात" या आकड्यावर आत्ता विश्वास ठेवता येत नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. "प्रिसिजन म्हणजे काय" असं विचारलं की सूत्र तोंडावर येतं, पण मुलाखतीत प्रिसिजन हा शब्द तुम्हाला कोणी दिलाच नव्हता. प्रश्न आजाराचा होता, आणि हा प्रिसिजनचा, म्हणजे पॉझिटिव्ह ठरलेल्यांत खरे किती याचा, प्रश्न आहे हे ओळखण्यातच खरं काम होतं. ते काम तुमचं एकही कार्ड करून घेत नाही.

आता हाच प्रश्न देवगडच्या भाषेत घ्या. 1000 हापूस, त्यात 100 ना आतून साका, म्हणजे गर खराब. यंत्र 100 पैकी 90 पकडतं. उरलेल्या 900 चांगल्या आंब्यांपैकी 10 टक्के, म्हणजे 90, उगाच बाजूला काढतं. बाजूला पडले 180, त्यात खरे साक्याचे 90. शक्यता निम्मी. 90 टक्के हे "साका असेल तर यंत्र पकडेल का" याचं उत्तर आहे. प्रश्न उलट दिशेचा होता: यंत्राने पकडलं, तर साका असेल का?

कार्डावर सूत्राऐवजी ही गोष्ट घाला आणि मागे चार ओळींचा हिशेब लिहा. कागदावर हिशेब न मांडता कार्ड उलटायचं नाही.

कातळसडा
हे पटत नाही. अशी लांबलचक कार्डं केली तर एकेकाला पाच मिनिटं लागतील. कार्ड छोटं हवं, हा पहिला नियम आहे. आणि Maximum interval बद्दल कोणी बोललंच नाही.

गणितगोडी
छोटं कार्ड हा नियम शब्द, सनावळ्या, व्याख्या यांच्यासाठी अगदी योग्य आहे. तुमच्या परीक्षेत कलमं आणि नियम जसेच्या तसे विचारतात, तिथे तुमची पद्धत चालणारच. इथे सूत्राचं छोटं कार्डही राहू द्या, पण त्यासोबत हिशेबाची थोडी कार्डं हवीतच, आणि त्यांना रोज हात लावायचा नाही. नवा प्रश्न आज सोडवला तर उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग दहाएक दिवसांनी. महिन्याभरात तेवढंच बसतं. सगळं आठवड्याला एकदा फिरवलं तर जे पक्कं आहे त्यावरच वेळ जातो आणि कच्चं तितकंच कच्चं राहतं.

चिपळूणची ताई
माझं ऐका, कार्डं सोडा आणि हाताने वही लिहा. हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं, टाइप केलेलं राहत नाही. यावर 2014 साली प्रयोगही झालाय. मी बारावीच्या मुलांना शिकवते, फरक मला रोज दिसतो.

गणितगोडी
ताई, तो प्रयोग नंतर इतरांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका स्पष्ट आला नाही. वहीला माझा विरोध नाही. पण कोर्सचा व्हिडिओ थांबवून थांबवून सुबक उतरवून घेणं आणि व्हिडिओ बंद करून, काही न बघता, आठवेल तेवढं लिहिणं यात मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात नेमकं कुठे अडलो ते कोऱ्या जागेवरून कळतं.

चिपळूणची ताई
न बघता लिहायचं हे मान्य. पण ते हातानेच, यावर मी ठाम आहे.

खाडीकाठ
आठवडा झाला. आंब्यांचं कार्ड केलं, पण नवीनच अडचण. तिसऱ्या वेळी "180 पैकी 90" हे वाचण्याआधीच आठवतं. हिशेब होतच नाही.

गणितगोडी
होणारच, आकडे कायम असले की उत्तर पाठ होतं. कार्डावर फक्त "साका.py चालव, दोन उदाहरणं कागदावर सोडव" एवढं लिहा आणि हे चालवा:

```python
import random
s = random.choice([20, 50, 100, 300])  # 1000 पैकी साका
r = random.choice([0.6, 0.8, 0.9])     # साक्यातले पकडले
f = random.choice([0.02, 0.1, 0.2])    # चांगल्यातले चुकून काढले
print(s, r, f)
input("कागदावर सोडवून Enter ")
tp, fp = s * r, (1000 - s) * f
print(round(tp / (tp + fp), 3))
```

हिशेबाआधी अंदाज लिहा, तोही चुकतोय का ते बघायचं. 20, 0.9, 0.1 आलं तर पकडलेले 18, उगाच काढलेले 98. एकूण 116 मध्ये 18 खरे, म्हणजे साडेपंधरा टक्के. यंत्र तेच, फक्त साका कमी झाला आणि पन्नासाचे साडेपंधरा झाले. हा उतार हाताला समजला की सूत्र विसरलात तरी पुन्हा उभं करता येईल.

शिवाय कोणाला तरी समजावून सांगा. व्हिडिओ करून नव्हे, समोर बसलेल्या आणि मध्येच तोडून विचारणाऱ्या माणसाला.

कातळसडा
शिकवण्यात वेळ जातो. महिन्यावर मुलाखत आलेल्या माणसाला हे परवडणार नाही.

खाडीकाठ
काल काकांना सांगितलं. त्यांची हापूसची कलमं आहेत, साका त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. 180 पैकी निम्मेच साक्याचे, हे ऐकून ते म्हणाले, "ता ऱ्हवांदे. चांगले म्हणान पेटयेत जे भरलंस, त्यांत किती साक्याचे गावतले?" मी गप्पच. या प्रश्नाचं माझ्याकडे कार्ड नाही, कोर्समध्ये याचं नाव आलं होतं की नाही तेही आठवेना. शेवटी कागद घेऊन बसलो: बाजूला न काढलेले 820, त्यात निसटलेले 10, म्हणजे साधारण सव्वा टक्का. बरोबर?

गणितगोडी
बरोबर. आता 300 साक्याचे धरा. पकडले 270, निसटले 30. चांगले 700, त्यातले 70 उगाच गेले, 630 राहिले. पेट्यांत 660, त्यात साक्याचे 30, साडेचार टक्के. यंत्राने बाजूला काढलेल्यांत मात्र आता 340 पैकी 270 खरे, म्हणजे जवळपास ऐंशी टक्के. एक आकडा सुधारला, दुसरा बिघडला, रिकॉल, म्हणजे साक्यातले किती पकडले, जागच्या जागी. काकांना पेटीचीच काळजी असणार, कारण गिऱ्हाईक पेटी उघडतं. याला निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूची उलट बाजू म्हणा, पण कार्डावर नाव लिहू नका, काकांचाच प्रश्न लिहा.

कलमवाला_वेंगुर्ले
मशीन लर्निंग कळत नाही, पण साक्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो. फळ चौदा आणे तयार असताना काढा, झाडावर जास्त पिकू दिलं की साका वाढतो. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, तापलेल्या जमिनीची धग फळाला कमी लागते. नाहीतर रत्ना लावा. आमच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची जात, नीलम आणि हापूसचा संकर, 1981 ची. त्यात साका नाही.

टाईपरायटर
रत्नाला हापूसचा भाव मिळतो का पण?

कलमवाला_वेंगुर्ले
भाव हापूसलाच. चवीचा वाद वेगळा, त्यासाठी दुसरा धागा काढा.

खाडीकाठ
आता शेवटचा प्रश्न. Hard दाबून पुढे गेलेल्या जुन्या कार्डांचं काय करू? अंतरं दोन-दोन महिन्यांवर गेली आहेत.

कातळसडा
सगळी Reset करून नव्याने सुरू करा. स्वच्छ होईल.

गणितगोडी
सगळी नको, महिन्यात तो ढीग उपसणार नाही. मुलाखतीला लागणारे विषय निवडा आणि तेवढीच अलीकडे ओढा. यापुढे विसरलात की Again, ढीग वाढला तरी. पी-व्हॅल्यूचं कार्ड मात्र आजच इथे लिहा. त्यातही दिशेचीच गफलत असणार असं वाटतं.

खाडीकाठ
पुढे "पी-व्हॅल्यू म्हणजे काय?", मागे "नल हायपॉथेसिस खरा असण्याची शक्यता".

गणितगोडी
हे उत्तरच चुकीचं आहे, आणि तुम्ही ते उजळून उजळून पक्कं केलंय. नल खरा आहे असं धरून, हाती आला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. "साका असेल तर पकडेल" आणि "पकडलं तर साका असेल" यांत झाली तीच अदलाबदल. हे कार्ड आधी काढून टाका. त्या जागी नाणेफेकीचा हिशेब घाला: खऱ्या नाण्याच्या 10 फेकींत 9 किंवा जास्त छापे पडायची शक्यता किती? कागदावर काढा, उत्तर 11 भागिले 1024 यायला हवं. मग त्यावरून "नाणं खरं असण्याची शक्यता एक टक्का" असं म्हणता येईल का, ते काकांना समजावून बघा.

चिपळूणची ताई
आणि ते वहीत हाताने लिहा.