सल्ला हवा: बॉयलरला इकॉनॉमायझर आणि एअर प्रीहीटर, व्यवस्थापनाला पत्र

बॉयलरवाला_इचल: कापड प्रोसेसिंग युनिट, ६ टनी कोळशाचा बॉयलर, दिवसाला साधारण १९ टन कोळसा. चिमणीत गॅस २३० अंशांवर जातो, फीड वॉटर ७०. पत्रात फीड वॉटर तापवणाऱ्या इकॉनॉमायझरचे ४ टक्के आणि जळणाची हवा तापवणाऱ्या प्रीहीटरचे ३, अशी ७ टक्के बचत लिहिली आहे. बजेट १२ लाख. मसुदा बरोबर आहे का?

साखरपट्टा: आम्ही ४० लाखांत दोन्ही बसवलं, सोबत गॅस चिमणीकडे ओढणारा नवा आयडी फॅन. एकदाच खर्च करा, रडत बसू नका.

फर्नेसऑइल_काका: इकॉनॉमायझर नकोच! आमच्या टाकीत पाणी ५५ अंशांचं. चौदा महिन्यांत नळ्यांना भोकं पडली, गंधकाच्या आम्लाने खाल्ल्या.

मीना_ठाणे: काका, त्यांचा बॉयलर कोळशाचा आहे, तेलाइतकं गंधक त्यात नसतं. तरी ७० अंशांचं पाणी मलाही थंड वाटतं. कंडेन्सेट परत आणून ते ९० च्या पुढे न्या. पण मोठी चूक वेगळीच आहे. ४ आणि ३ ची बेरीज होत नाही. दोन्ही यंत्रं त्याच गॅसमधली उष्णता घेतात, एकाने घेतली की दुसऱ्याला उरलेलीच मिळते. पत्रात गॅस किती अंशांवरून किती अंशांवर आणणार ते लिहा. २२ अंश उतरले की कार्यक्षमता सुमारे १ टक्क्याने वाढते. आणि २३० हा आकडा नळ्या साफ केल्यावरचा आहे का?

बॉयलरवाला_इचल: नाही ताई, सफाई होऊन सात आठवडे झालेत.

मीना_ठाणे: मग आधी ब्रश मारा आणि पुन्हा मोजा. काजळीचे अंश यंत्राच्या खात्यावर लिहिलेत, तर वर्षभराने हिशेब तुम्हालाच द्यावा लागेल.

साखरपट्टा: मी तेच म्हणतो, दोन्ही लावा.

ग्रेट_मिस्त्री: प्रीहीटर लावाल तर हवा फार तापवू नका. आमच्या ग्रेटचे बार वितळून वाकले होते. इकॉनॉमायझरच घ्या.

फर्नेसऑइल_काका: त्याला बॉयलर खात्याची मंजुरी लागते, नकाशे पाठवून वाट पाहत बसा. आमचे चार महिने गेले.

बॉयलरवाला_इचल: रविवारी ब्रश मारला. गॅस २०५ वर आला, एकही रुपया खर्च न करता. पत्र नव्याने लिहिलं. काही जण इकॉनॉमायझर म्हणताय, पण मी यंदा फक्त प्रीहीटर मागतोय. त्यात दाबाचं पाणी नाही, म्हणून ती मंजुरी लागत नाही आणि दिवाळीच्या आठ दिवसांच्या बंदमध्ये काम बसतं. गॅस २०५ वरून १६० वर येईल, हवा ९० च्या आत राहील. हिशेबात दिवसाला अर्धा टन कोळसा वाचतो.

मीना_ठाणे: मी असते तर मंजुरीसाठी थांबले असते, कारण पुढे इकॉनॉमायझरला १६० चाच गॅस मिळेल. तो खर्च तेव्हा निघणार नाही. आयडी फॅनला वाढीव अडथळा पेलतोय का, तेवढं ऑर्डरच्या आधी तपासा.

बॉयलरवाला_इचल: उद्या डॅम्पर पूर्ण उघडून मोटरचे अँपिअर बघतो.