वर्षाचं धान्य एकदम भरता की महिन्याचं आणता? अनुभव लिहा

एप्रिल आला की आमच्याकडे हा विषय निघतोच. सासूबाई म्हणतात गहू भरून टाकू, नवरा म्हणतो दुकान खाली आहे, दर महिन्याला आणू. भावातला फरक, जागा, कीड आणि अडकलेला पैसा सगळं धरून तुमचा अनुभव काय आहे? शक्यतो गव्हाबद्दल लिहा, म्हणजे तुलना करता येईल.

पुण्याहून, निवृत्त बँक कर्मचारी
आम्ही चौघं, वर्षाला १२० किलो लोकवन लागतो. यंदा एप्रिलमध्ये ३४ रुपयांनी घेतला. किरकोळीत वर्षभराची सरासरी ४० धरली, तर ७२० रुपये वाचतात. गुंतले ४०८०, पण गहू दर महिन्याला संपत जातो, त्यामुळे वर्षभराचा विचार केला तर सरासरी निम्मीच रक्कम अडकते. तिच्यावर सात टक्क्यांनी दीडशेच्या आत व्याज बुडतं. टेम्पो-हमालीचे दीडशे आणि चाळताना गेलेल्या दोन किलोंचे सत्तर वजा केले, की साडेतीनशे उरतात. फार नाहीत, पण एकाच प्रतीचा गहू वर्षभर मिळतो, पोळी बदलत नाही. मी त्यासाठीच भरतो.

सोलापूरहून
काका, तुमचे पैसे खात्यात होते म्हणून जमलं. आमच्या बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी कर्ज काढून गहू घेतात बायका. तुमचाच हिशोब लावला तर व्याजातच पाचशेच्या जवळपास जातात, हाती काही राहत नाही. कर्ज काढून धान्य भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हां, गावाकडे पेरणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो, तेव्हा घरात दाणे आहेत हा धीर मोठा असतो. तो हिशोबात कसा धरायचा, मला माहीत नाही.

डोंबिवलीहून
आम्हाला गच्ची नाही, गॅलरीत ऊन दोन तास. जुलैत भिंतींना ओल येते. मी महिन्याचंच आणते. रवा आणि कडधान्यं आणली की चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, मग डब्यात. जाळी धरत नाही.

नगरहून
गहू दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा आणि गरम असतानाच कोठीत ओतून झाकण लावायचं. उष्णतेनं किडे मरतात. वर कडुलिंबाचा पाला. आमच्याकडे असंच करतात.

बार्शीहून, शेतकरी
ताई, वाळवण्याचं बरोबर, गरम भरण्याचं नाही. गरम दाण्यातली वाफ रात्री झाकणाला आणि पत्र्याला लागून पाणी होते, मग वरचा थर कुबट होतो. संध्याकाळी सावलीत पसरून निवू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी भरा. पालाही सावलीत पूर्ण वाळलेला हवा, ओला टाकलात तर ओल तुम्हीच आत घातली.

सोंडे बाहेरून येतात असं लोकांना वाटतं. पुष्कळदा अंडी दाण्याच्या आतच असतात, गोदामातून किंवा जुन्या बारदानातून आलेली. म्हणून घेतानाच दाणा दाताखाली धरा. कट्कन तुटला तर वाळलाय, दबला तर ओला आहे, घेऊ नका. कोठी आधी रिकामी करून उन्हात तापवा, सांध्यातलं जुनं पीठ काढा. खाली लाकडी फळी, भिंतीपासून वीतभर अंतर.

आणि कोठी गळ्यापर्यंत भरा. आत हवा कमी राहिली, झाकण घट्ट बसलं, तर उरलासुरला किडाही गुदमरतो. रोज उघडलीत तर हे चालत नाही. महिन्याचा गहू एकदा काढून वेगळ्या डब्यात ठेवा. काढताना मूठभर तळहातावर घ्या. दाण्याला गोल भोक दिसलं किंवा हाताला पीठ लागलं, की त्याच दिवशी सगळा बाहेर काढून चाळा. महिनाभर थांबलात तर पुढची पिढी बाहेर पडते.

नागपूरहून
आम्ही तांदूळच भरतो. जानेवारीत नवा घ्यायचा, पावसाळ्यानंतर खायला काढायचा, भात मोकळा होतो. बोरिक पावडर चोळतो, शिजवताना तीन पाण्यांनी धुतो. गव्हाला चालेल का?

पुण्याहून, निवृत्त बँक कर्मचारी
गहू धुऊन, पुन्हा वाळवून दळणार असाल तरच. नुसता दळायला टाकलात तर पावडर पिठात जाईल. आम्ही लावत नाही.

जळगावहून
एवढी खटपट कशाला? कृषी सेवा केंद्रातून गॅसची गोळी आणा, कोठीत टाका, वर्षभर बघायला नको.

बार्शीहून, शेतकरी
दादा, हात जोडून सांगतो, घरात ती गोळी नको. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फिन सुटतो. झोपायच्या खोलीत कोठी असलेल्या घरांत माणसं दगावली आहेत. ती गोदामासाठी आहे, तीही जाणकाराच्या हातूनच.

डोंबिवलीहून
आणि पाऱ्याच्या गोळ्या? शेजारच्या काकू कापडात बांधून ठेवतात, वर्षानुवर्षं.

बार्शीहून, शेतकरी
आमच्याकडे वापरत नाहीत. पारा विषारी असतो, पुरचुंडी फुटली तर दाण्यांतून वेचणार कसा? मी तरी ठेवणार नाही.

सोलापूरहून
काकूंना विचारून सांगा, त्यांच्या गव्हाला खरंच कीड लागत नाही का. की आधी नीट वाळवतात म्हणून टिकतो?