मदत हवी आहे: धनुष्य तलवारीच्या बरोबरीचं ठेवलंय, तरी टेस्टर म्हणतात दम नाही

मावळतीकर: जंगलात दरोडेखोरांशी लढण्याचा छोटा गेम करतोय. तलवारीचा वार 20 चा, दर पाऊण सेकंदाला एक. धनुष्य पूर्ण ताणायला 1.2 सेकंद लागतात आणि बाणाचं डॅमेज 32. सेकंदाला किती पडतं ते काढलं तर दोन्ही सारखीच. दरोडेखोराची हेल्थ 100. तरीही जवळजवळ प्रत्येक टेस्टर म्हणतो, "बाण लागतो, पण काही होतच नाही." आकडा किती वाढवू?

भिडू_७७: सरळ दुप्पट कर. लोकांना जोर जाणवला पाहिजे.

रानजाई: दुप्पट नको, मग दोन बाणांत माणूस आडवा होईल आणि तलवार कोणी काढणारच नाही. सरासरी बाजूला ठेव, मारायला किती बाण लागतात ते मोज. तीन बाणांचे 96 होतात. चार हेल्थ उरते आणि तेवढ्यासाठी चौथा बाण पूर्ण ताणावा लागतो. म्हणजे 4.8 सेकंद. तलवार पाच वारांत, 3.75 सेकंदांत काम संपवते. 34 कर, तीन बाणांत पडेल. त्यापुढे 49 पर्यंत कितीही वाढवलंस तरी या शत्रूला तीनच बाण लागणार.

गोट्या: माझ्या गेममध्येही बाण नेम धरून मारला तरी बाजूने जायचा. हिटबॉक्स मोठा केला आणि तक्रारी थांबल्या.

मावळतीकर: गोट्या, इथे नेम ठीक आहे, बाण लागतोय. रानजाईताई, 34 केलं. बऱ्याच जणांना लगेच फरक जाणवला, पण काही जण अजून नाराज आहेत. त्यांच्या खेळाच्या नोंदी पाहिल्या तर ते दोरी निम्मी ताणूनच सोडतात. माझ्याकडे जितका ताण तितकं डॅमेज, म्हणून 17 च पडतं आणि सहा बाण लागतात. निम्म्या ताणाला 60 टक्के डॅमेज देऊ का?

रानजाई: करून बघ, पण आधी गणित मांड. 20.4 चे पाच बाण, प्रत्येकी 0.6 सेकंद, म्हणजे तीन सेकंद. पूर्ण ताणून 3.6 लागतात. मग पूर्ण ताणायचं कारणच उरत नाही. आता निम्म्या ताणाचे सहा बाणही 3.6 सेकंदच घेतात, त्यामुळे वेळेत त्यांचं नुकसान नाही. त्यांना प्रत्येक बाण फुसका वाटतोय. ताण पूर्ण झाला की दोरीचा करकर आवाज दे आणि पूर्ण ताणाचा बाण लागला की शत्रूला एक पाऊल मागे ढकल.

भिडू_७७: मागे ढकललं की त्याचा वार चुकतो. ती धनुष्याला फुकटची ताकद झाली की!

मावळतीकर: मुद्दा बरोबर आहे. आधी फक्त आवाज घालतो आणि त्याच नाराज टेस्टरांना पुन्हा खेळायला देतो. चिलखतवाल्या दरोडेखोराची हेल्थ 150 आहे. त्याला 32 नेही पाच बाण लागायचे, 34 नेही पाचच लागतात. तो तसाच ठेवावा की 135 वर आणून चार बाणांत पाडावा?