मदत हवी आहे: काळ्या मातीचा किल्ला भेगाळतोय

नमस्कार भाऊ, ताईहो. अंगणात पोरं नरनाळा करून राहिले, दिवाळीला चारच दिवस आहेत. आधी विटा-दगड रचून डोंगराचा उतार काढला, वरून जुनं पोतं चिखलात भिजवून पांघरलं आणि मग शेतातल्या काळ्या मातीचा जाड गारा एका दमात थापून टाकला, तिथंच चुकलं वाटते. संध्याकाळी गुळगुळीत, छान दिसत होतं, दुसऱ्या दिवशी ऊन लागलं अन् बोट जाईल एवढ्या भेगा! महाकाली दरवाजाची कमान तर मधातूनच फाटली, धाकटी रडायलाच लागली.

कपाशीच्या वावरातली माती आहे, सुकली की आकसते हे माहीत आहे, उन्हाळ्यात वावरही असंच फाटते. म्हणून काल एका बुरुजावर वेगळं करून पाहिलं, दोन घमेले मातीत एक घमेलं चाळलेला बारीक मुरूम, दोन मुठी गव्हाचं कुटार अन् थोडं शेण, पातळ थर दिला, ओलं फडकं टाकून सावलीत सुकवला. त्याला केसाएवढीच भेग आली.

आता विचारायचं असं की जुना थर पूर्ण खरवडून काढावा का, की भेगा ओल्या करून त्यातच हा गारा भरला तर धरेल? अन् उतारावर मोहरी पेरायची आहे, उगवायला तीन-चार दिवस तरी लागतात, म्हणजे आजच पेरावी लागेल, पण रोज पाणी शिंपडलं तर बुरुज ढासळतील का? कोणी केलं असेल तर सांगा.