मदत हवी आहे: कुठलीही दोन प्रतलं समांतर नाहीत, तरी तिघांचा छेदनबिंदू नाही. हे कसं?

ऋतुजा_बारावी

नमस्कार. बारावी सायन्सला आहे. सरावाच्या प्रश्नांत खालची तीन प्रतलं कुठे भेटतात ते काढायला सांगितलं आहे.

x + y + z = 6
x + 2y + 3z = 14
x + 3y + 5z = 20

पहिलं समीकरण उरलेल्या दोघांतून वजा केलं की y + 2z = 8 आणि 2y + 4z = 14 मिळतात. यातल्या पहिल्याची दुप्पट केली तर 2y + 4z = 16. एकच गोष्ट 14 पण आणि 16 पण असू शकत नाही, म्हणजे उत्तर नाही. इथपर्यंत कळलं.

पुढे अडलंय. यातली कुठलीही दोन प्रतलं घेतली तरी ती समांतर नाहीत, म्हणजे ती एका रेषेत छेदणारच. मग तिसरं प्रतल त्या रेषेला कुठेच कसं भेटत नाही? मला हे चित्र डोळ्यासमोर आणता येत नाही. आणि समीकरणं बघून चित्र ओळखायचं कसं, हेही कुणी सांगाल का?

शेवटचा_बाक

चित्राच्या मागे लागू नकोस, वेळ जातो. क्रेमर लाव. D काढलास तर शून्य येतो. मग Dx काढ, तो -2 येतो. D शून्य आणि Dx शून्य नाही, म्हणजे उत्तर नाही. चारही शून्य आले असते तर अनंत उत्तरं. सीईटीला एवढं पुरतं.

माधवकाका

तिसऱ्या समीकरणात छपाईची चूक दिसते आहे. 20 च्या जागी 22 असणार. तसं घेतलं की (1, 2, 3) हे उत्तर तिन्हीत बसतं. ताळा करून पाहा.

ऋतुजा_बारावी

काका, 22 घेतलं तर (1, 2, 3) बसतं, पण (-2, 8, 0) पण बसतं. म्हणजे तेव्हाही एकच बिंदू येत नाही. आणि प्रश्नात 20 च दिलंय, खाली "भौमितिक अर्थ सांगा" असंही आहे.

लंबक

ऋतुजा, प्रश्न बरोबर छापलाय. 20 आणि 22 शेजारी ठेवून बघितलं की सगळा उलगडा होतो, त्यामुळे काकांचा 22 आपल्या कामाचा आहे.

उजवीकडचे आकडे क्षणभर झाकून ठेव आणि फक्त x, y, z चे सहगुणक बघ: (1,1,1), (1,2,3), (1,3,5). हे तीन नॉर्मल. दुसऱ्याची दुप्पट करून पहिला वजा केलास की नेमका तिसरा येतो. म्हणजे तिसऱ्या नॉर्मलची दिशा नवी नाही, पहिल्या दोघांतूनच तयार झालेली आहे. तिन्ही नॉर्मल एकाच सपाटीत पडलेत. D = 0 याचा अर्थ एवढाच, जास्त काही नाही.

आता त्या सपाटीला काटकोनात असणारी दिशा शोध. पहिल्या दोन नॉर्मलचा क्रॉस प्रॉडक्ट घेतलास की (1, -2, 1) मिळते. ही दिशा तिन्ही नॉर्मलना लंब आहे, म्हणून प्रत्येक प्रतलावरून या दिशेने कितीही चाललं तरी आपण त्याच प्रतलावर राहतो. मग दोन-दोन प्रतलं ज्या रेषांत छेदतात, त्या तिन्ही रेषाही याच दिशेच्या. तुझं कोडं इथे सुटतं: पहिल्या दोघांची छेदनरेषा तिसऱ्या प्रतलाला समांतर धावते, म्हणून ती त्याला गाठतच नाही.

चित्र हवं असेल तर z = 0 घेऊन आलेखाच्या कागदावर तीन रेषा काढ: x + y = 6, x + 2y = 14, x + 3y = 20. त्या (-2, 8), (-1, 7) आणि (2, 6) इथे दोन-दोन करून भेटतात आणि मध्ये एक चिंचोळा त्रिकोण उरतो. मग z = 1 घेऊन परत काढ. तोच त्रिकोण, फक्त x मध्ये 1 पुढे आणि y मध्ये 2 खाली सरकलेला. असे थर एकावर एक रचत गेलं की दोन्हीकडे न संपणारी तिकोनी नळी होते. तुझी तीन प्रतलं म्हणजे त्या नळीच्या तीन भिंती.

20 चं 22 केलंस की तिसरी भिंत स्वतःला समांतर सरकते आणि त्रिकोण मिटून (-2, 8) या एका बिंदूवर येतो. नळीची रेषा झाली: (t - 2, 8 - 2t, t). काकांचा (1, 2, 3) हा त्यावरचा t = 3 चा बिंदू. नॉर्मलमध्ये "दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला" हे जे नातं आहे, तेच उजव्या बाजूलाही लावून बघ: 28 - 6 = 22. ते जुळलं तर रेषा. तिन्ही नॉर्मल वेगवेगळ्या दिशांचे असून जुळलं नाही तर नळी.

@शेवटचा_बाक, उत्तर नाही हा तुमचा निष्कर्ष या प्रश्नापुरता बरोबर आहे, पण "चारही शून्य म्हणजे अनंत उत्तरं" हे घातक आहे. x + y + z = 1, x + y + z = 2, x + y + z = 3 घ्या. D, Dx, Dy, Dz चारही शून्य येतात, कारण प्रत्येकात निदान दोन स्तंभ सारखेच आहेत. आणि प्रतलं तर एकमेकांना कधीच न भेटणारी.

शेवटचा_बाक

हे उदाहरण मान्य. पण असे प्रश्न परीक्षेत क्वचित येतात, आणि D शून्य नसेल तर क्रेमर चालतोच की.

लंबक

D शून्य नसेल तर नक्कीच चालतो. शून्य आला की मात्र ऋतुजाने केलं तसं वजाबाकीनेच जावं. त्यात 0 = 0 उरलं की 0 = 2 उरलं, हे समोर दिसतं.

वाडेमोजणी

थोडं वेगळं विचारतो. मी जुन्या वाड्यांची लेझर स्कॅनने मोजणी करतो. भिंतींच्या आणि छताच्या बिंदूंवरून प्रतलं बसवतो आणि तिघांच्या छेदावरून कोपरा काढतो. बहुतेक कोपरे छान येतात. एका ठिकाणी दोन उतार आणि एक कललेली भिंत घेतली, तर कोपरा वाड्याच्या कितीतरी बाहेर गेला. np.linalg.solve ने काहीच तक्रार केली नाही. "Singular matrix" असा एरर आला असता तर निदान कळलं असतं.

लंबक

तुमचं दुखणं याच घरातलं आहे. ऋतुजाच्या तिसऱ्या समीकरणात 5z च्या जागी 6z ठेवा, उत्तर (-4, 12, -2). आता 5.01z ठेवा, उत्तर (-202, 408, -200). दोन्ही अचूक आहेत, ताळा करून बघा. नळीच्या भिंती अगदी किंचित तिरक्या झाल्या की त्या भेटतात खऱ्या, पण फार लांब जाऊन. एरर येतो तो आकडेमोडीत पिव्हट तंतोतंत शून्य झाला तर, आणि मोजलेल्या आकड्यांत तसं सहसा होत नाही.

नुसत्या D च्या आकारावर जाऊ नका. तिन्ही समीकरणांना 10 ने गुणलं तर प्रतलं तीच राहतात, पण D हजारपट होतो. आधी प्रत्येक नॉर्मलची लांबी 1 करून घ्या, मग D काढा. तो शून्याजवळ आला तर त्या तीन प्रतलांवरून कोपरा काढूच नका. जास्त वेगळ्या दिशेचं चौथं प्रतल शोधा.

वाडेमोजणी

लांबी 1 करून D 0.03 आला. हा शून्याजवळचा धरायचा का? भिंतीच फुगलेल्या आहेत, प्रतलाच्या दिशेतच अर्धा-एक अंश चूक असू शकते.

लंबक

एवढ्या चुकीला 0.03 वर मी विसंबणार नाही. पण सगळीकडे चालेल अशी एक ठरावीक मर्यादा माझ्याकडे नाही. दिशा अर्धा अंश इकडेतिकडे करून पुन्हा पुन्हा सोडवा आणि कोपरा किती हलतो ते बघा. काही सेंटीमीटर हलला तर ठेवा, मीटरांत हलला तर सोडा.

ऋतुजा_बारावी

आलेख काढला. z = 0, 1 आणि 2 चे त्रिकोण एकाच कागदावर काढले, तिन्ही सारखेच आहेत आणि तिरके सरकत जातात. आता दिसलं. एकच राहिलं: दोन प्रतलं समांतर आणि तिसरं त्यांना छेदणारं असेल, तेव्हाही D शून्य आणि उत्तर नाही. मग "भौमितिक अर्थ" लिहिताना ते आधी तपासायचं ना?

लंबक

हो, सगळ्यात आधी तेच. एक नॉर्मल दुसऱ्याच्या पटीत आहे का, एवढं बघायचं. तसं असेल तर नळी नाही, फक्त दोन समांतर रेषा मिळतात. तुझ्या प्रश्नात तशी एकही जोडी नाही, हे उत्तरात एका ओळीत लिही आणि मग त्रिकोणी नळीकडे जा.

वाडेमोजणी

करून बघितलं. भिंतीची दिशा अर्धा अंश फिरवली की कोपरा दीड मीटर सरकतो. ते प्रतल सोडलं. आता जोत्याचं प्रतल घेऊन बघतो, पण स्कॅनमध्ये जोत्याचे बिंदू फारच विरळ आहेत. विरळ बिंदूंवरून बसवलेल्या प्रतलाची दिशा किती अंशांनी चुकू शकते, याचा अंदाज कसा बांधतात, कुणाला माहीत आहे का?