मदत हवी: जाहिरातीतल्या फोटोवरून हा पीएस४ नेमका कोणता, आणि त्याला काय काय चालेल?

खारीसिंग_बडोदा
नमस्कार मंडळी. भाच्यासाठी सेकंडहँड पीएस४ बघतोय. दांडिया बाजाराजवळच्या एकाने जाहिरात टाकली आहे, फोटो एकच आहे, तोही ट्यूबलाइटच्या उजेडातला. मोबाइलवर नीट दिसत नसेल तर सांगतो: दोन थर एकावर एक ठेवल्यासारखा, पुढून तिरका काळा डबा. वरचा डावीकडचा भाग चकचकीत, उरलेला मॅट, आणि दोन्हींच्या मधून एक बारीक खाच जाते. बटण म्हणावं असं काही दिसत नाही. शेजारी दोन रिमोट. एकाला मधोमध टचपॅड आहे आणि त्याच्या वरच्या कडेला निळ्या उजेडाची रेघ. दुसऱ्याला टचपॅडच नाही, मधे SELECT आणि START लिहिलंय.

विकणारा म्हणतो, "स्लिम आहे, दोन्ही रिमोट ओरिजिनल." मला दोन-तीन डिस्क, रिमोटचा चार्जिंग डॉक आणि उभा ठेवायचा स्टँड घ्यायचा आहे. चुकीचं सामान गळ्यात पडायला नको. रविवारी बघायला जाणार आहे.

मांडवीचा_राजा
स्लिमच आहे. टचपॅडवर उजेडाची रेघ असलेला रिमोट स्लिमबरोबरच आला, २०१६ मध्ये. जुन्या पीएस४ च्या रिमोटला ही रेघ नव्हती. बिनधास्त घ्या.

सोल्डर_आणि_चहा
राजाभाऊ, रिमोटबद्दलचं बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. रिमोट हा प्रकार बदलता येतो, डबा नाही. म्हणून आधी डबा ओळखायचा.

स्लिम सगळा मॅट असतो, कोपरे गोलसर, आणि समोरचे दोन यूएसबी पोर्ट एकमेकांपासून लांब. पहिल्या पीएस४ मध्ये ते खाचेत जवळजवळ असतात. फोटोत चकचकीत भाग आहे, याचा अर्थ हा पहिल्या घडणीचा, CUH-1000 किंवा CUH-1100. त्याच पिढीतला शेवटचा CUH-1200 सुद्धा वरून पूर्ण मॅट आहे आणि त्याला दाबता येणारी खरी बटणं आहेत. तुम्हाला बटण दिसत नाही कारण या दोन मॉडेलांत चालू-बंद आणि डिस्क बाहेर काढणं दोन्ही स्पर्शाने होतं. 1000 की 1100 हे फोटोवरून सांगता येत नाही. मागच्या लेबलचा फोटो मागवा. CUH नंतरचे पहिले दोन अंक मॉडेल सांगतात, शेवटचे कुठल्या बाजारासाठी बनला ते. आपल्या कामाचे पहिले दोन.

आता सामान. पीएस४ च्या डिस्क सगळ्या मॉडेलांवर चालतात, स्लिम असो वा प्रो, त्यामुळे तिथे गोंधळ नाही. फक्त डबीवरची पट्टी बघा, पीएस५ ची डिस्क यात चालणार नाही. डिस्कला प्रदेशाची अडचण नाही, पण त्या गेमचे जास्तीचे भाग ऑनलाइन घ्यायचे असतील तर डिस्क आणि खातं एकाच प्रदेशाचं लागतं. परदेशातून आणलेली डिस्क स्वस्त मिळाली की लोक इथेच फसतात. उभा स्टँड मात्र पहिल्या पीएस४ चा वेगळा, स्लिमचा वेगळा. "स्लिम" ऐकून घेतलात तर घरी आल्यावर बसणार नाही. चार्जिंग डॉक रिमोटच्या पिढीवर अवलंबून नाही, दोन्ही पिढ्यांच्या पीएस४ रिमोटला मायक्रो यूएसबीच आहे.

दुसरा रिमोट पीएस३ चा आहे. SELECT आणि START ही त्याची खूण. तो पीएस४ ला अॅडॅप्टरशिवाय चालत नाही, आणि त्याचं पोर्ट मिनी यूएसबी, म्हणजे त्या डॉकवरही बसणार नाही. तुमच्या हिशोबात एकच रिमोट धरा.

सयाजीबाग_सीमा
माझ्या दादाकडे पीएस३ च्या खूप डिस्क पडल्यात. हा घेतला तर त्या यावर चालतील का?

सोल्डर_आणि_चहा
सीमाताई, नाही. पीएस४ पीएस३ च्या डिस्क वाचत नाही.

मांडवीचा_राजा
मान्य, डब्याचं चुकलं. पण मग रेघवाला रिमोट याच्याबरोबर आला कसा?

सोल्डर_आणि_चहा
बरोबर प्रश्न विचारलात. CUH-1100 बरोबर खोक्यात CUH-ZCT1 येत असे, रेघ नसलेला. म्हणजे हा नंतर घेतलाय. खरा असेल तर CUH-ZCT2, तो जुन्या डब्यावर उत्तम चालतो. पण नकली रिमोट बनवणारे हुबेहूब हाच बनवतात, त्यामुळे रेघेला पुरावा समजू नका. रिमोटच्या मागच्या लेबलवर CUH-ZCT2 आणि पुढे एखादं अक्षर आहे का बघा. अक्षरं फिकट, वाकडी किंवा स्पेलिंग चुकलेलं असेल तर संशय घ्या.

जागेवर चाचणी करा. डेटा वाहणारी मायक्रो यूएसबी केबल घरून न्या, फक्त चार्जिंगची केबल असेल तर रिमोट जोडलाच जात नाही आणि दोष रिमोटवर जातो. मग हे उघडा:

```
Settings > Devices > Controllers > Communication Method > Use USB Cable
```

ZCT2 ला केबलनेही संपर्क करता येतो, ZCT1 केबलने फक्त पहिल्यांदा जोडला जातो आणि चार्ज होतो, खेळताना संपर्क बिनतारीच. त्यानंतर रिमोटमध्ये हेडफोन लावून आवाज येतो का ते बघा. नकलींमध्ये हेडफोन, रिमोटचा स्पीकर किंवा हालचालीचा सेन्सर यातलं काहीतरी बहुतेक गळालेलं असतं.

पुढे स्टिक किंवा बॅटरी बदलायची झाली तर पिढी लागतेच. दोन्हींच्या बॅटरीचा प्लग वेगळा आहे, ZCT2 चा लहान. दुकानदार "पीएस४ ची बॅटरी" म्हणून जी देईल ती बसेलच असं नाही. आतले सुटे भाग घेताना बोर्डावर छापलेला JDM ने सुरू होणारा नंबर सोबत न्या.

खारीसिंग_बडोदा
लेबलचा फोटो आला. CUH-11 इतकं स्पष्ट दिसतंय, पुढचे अंक फ्लॅशच्या चकाकीत गेलेत. रिमोटच्या मागचा फोटो हललेला आहे, CUH-ZCT पर्यंत वाचता येतं, पुढचा अंक नाही. चालतंय म्हणायचं?

सोल्डर_आणि_चहा
CUH-11 पुरेसं आहे, 1100 आहे. स्टँड पहिल्या पीएस४ चाच घ्या. रिमोटचं मात्र अजून सांगता येत नाही, नकलीही ZCT लिहितात. ते रविवारी केबलनेच कळेल.

या मॉडेलचा एक जुना आजार बघून घ्या. स्पर्शाच्या बटणाखालचं रबराचं पाऊल फुगलं की डिस्क आपोआप बीप करत बाहेर येते. डिस्क घालून दहा मिनिटं तसाच चालू ठेवा. Settings > System > System Information मध्ये सॉफ्टवेअरचा आकडाही बघा. विकणारा "अपडेट करू नका" म्हणाला तर समजा कोणीतरी जुन्या सॉफ्टवेअरवर मुद्दाम थांबवलाय, मग नव्या डिस्क आणि ऑनलाइन दोन्हींत घोळ होऊ शकतो.

मांडवीचा_राजा
मग पीएस३ च्या रिमोटचे पैसे कमी करायला सांगा. आणि रेघवाल्याचंही केबलने तपासल्याशिवाय कबूल करू नका.

खारीसिंग_बडोदा
सांगतो. त्याने आत्ताच लिहिलंय, "दोन रिमोटची किंमत धरली आहे, एक काढला तर भाव तोच." घरून केबल आणि एक डिस्क घेऊन जातोय, रविवारी लिहीन.