बे, चेस्टनट, ग्रे, रोन: घोड्यांच्या रंगांना मराठी शब्द?

मीनल: एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय, फोटोंखाली बे, चेस्टनट, ग्रे, रोन असं लिहिलंय. पहिल्या दोन्हींना मी तांबडा लिहिलं, ग्रेला राखाडी. क्लायंट म्हणतो दोन तांबडे चालणार नाहीत, आणि ग्रेच्या फोटोत तर घोडा पांढराशुभ्र आहे! रोन तर मला कळलाच नाही.

तापीकाठ: ताई, अंग नका बघू, आयाळ आणि शेपूट बघा. ती काळी असली की कुमाईत, म्हणजे तुमचा बे. अंग तसंच तांबडं पण आयाळ-शेपटीत काळं काहीच नाही, तर सुरंग. पायही काळेच असतात कुमाईतचे, पण मोजे पांढरे असले की माणूस फसतो, म्हणून आयाळीवर ठरवायचं. आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत हेच शब्द चालतात. ग्रे म्हणजे सब्जा.

शब्दवेडा: कुमाईत हा कुंकवावरूनच आलाय, रंग बघा ना. पण सब्जा म्हणजे फारसीत हिरवा! श्वेत असताना हिरवा कशाला?

मुक्ता: कुंकू नाही हो दादा, अरबी कुमैत. आणि श्वेत लिहिलं तर चूक होईल, कारण सब्जा पांढरा जन्मत नाही. शिंगरू काळं नाहीतर तांबडं असतं, आधी डोळ्यांभोवती पांढरे केस येतात मग वर्षागणिक सगळं अंग पांढरं होतं, कातडी मात्र काळीच राहते. जन्मापासून पांढरा आणि गुलाबी कातडीचा तो नुकरा. फोटोत नाकपुड्या बघ मीनल.

राजा_पाटील: माझ्या मामांनी 4 वर्षांपूर्वी कुमाईत शिंगरू विकलं, कपाळावर चांद होता. आता शेजारच्या गावात एक पांढरी घोडी आहे, मामा म्हणतात तीच. पांढऱ्यात चांद कसा ओळखायचा?

तापीकाठ: कपाळ पाण्याने भिजवा. चांदाखालची कातडी गुलाबी असते, बाकीची काळी, ओलं झालं की उमटते. पण चांद हजार घोड्यांना असतो. भोवरा बघा, कपाळावरचा आणि मानेवरचा, केसांचा रंग बदलला तरी भोवरा जागा सोडत नाही.

शब्दवेडा: भोवरे शुभ-अशुभ बघायला असतात, ओळखायला नाही.

तापीकाठ: दोन्हीला बघतात. गळ्याखाली देवमण हा भोवरा असला की भाव चढतो, ते वेगळं.

मीनल: नाकपुड्या काळ्या आहेत, म्हणजे सब्जा. आता रोन? अंगभर पांढरे केस मिसळलेत, तोंड आणि पाय गडद.

मुक्ता: तो जन्मापासून तसाच असतो, सब्जासारखा पांढरा होत जात नाही. काही जण गर्रा म्हणतात.

तापीकाठ: आमच्याकडे गर्रा कुणी म्हणत नाही, एवढंच सांगतो.

शब्दवेडा: मिश्रवर्णी लिहा, सगळ्यांना कळेल.

मुक्ता: मग अबलखही मिश्रवर्णीच की, त्याच्या अंगावर तर सरळ मोठे पांढरे पट्टे असतात!

राजा_पाटील: आत्ताच भिजवून आलो, गुलाबी डाग आहे. पण भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे, शिंगराच्या जुन्या फोटोत खाली दिसतो. त्या फोटोत मान वाकवलेली आहे. मामा अजून घोडीपाशीच उभे आहेत.